न वाजलेली फोडणी

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ताईंना नावाने हाक मारलेली कुणालाच आठवत नाही. डॉक्टरांपासून भांडी घासणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच. बावीस वर्षं सकाळी सातला त्या येत, चपला दाराबाहेर काढत, केसांना रुमाल बांधत आणि देवाचं नाव घेऊन मोठी शेगडी पेटवत. हात जोडून उभं राहण्याइतका वेळ नसे. काडी ओढता ओढता मनातल्या मनात नाव घ्यायचं, तेवढीच त्यांची पूजा. ज्या दिवशी नाव घ्यायचं राहून जाई त्या दिवशी काहीतरी उतू जायचं, असं त्यांचं ठाम मत होतं.

एकशेवीस रुग्णांची डाळ रोज त्यांच्या हातून उतरे. भात, पोळ्या, भाजी करायला बाकीच्या दोघी होत्या. डाळीला मात्र ताईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. तसा काही लेखी नियम नव्हता, पण नियमाहून तो पक्का होता. डाळीत तरी असं काय असतं? शिजवलेली डाळ, हळद, मीठ आणि वरून फोडणी. पण दुसऱ्या मजल्यावरचे जेवण टाकणारे रुग्णसुद्धा ताईंची डाळ वाटीभर पीत. साडेअकराला ट्रॉली वॉर्डात शिरली आणि झाकण उघडलं, की झोपलेली माणसंही कुशीवर वळून बघत. ताईंना हे ठाऊक होतं. तोंडाने त्या कधी बोलत नसत, पण आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यात त्यांचा पहिला नंबर होता, आणि तो त्या जिवापाड जपत.

बाकी सगळीकडे पहिला नंबर चिमीचा.

चिमी म्हणजे धाकटी बहीण. चिमणीएवढी जन्मली म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. आता ती सत्तेचाळीस वर्षांची आणि दोन्ही दंडांनी भरलेली बाई होती, तरी चिमीच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई अकरा वर्षांच्या होत्या. त्यांची शाळा सुटली आणि चूल हातात आली. चिमी मात्र शिकली. मोत्यासारखं अक्षर, गोरा रंग, हसली की गालाला खळी. घरी पाहुणे आले की वडील चिमीला पुढे करून पाढे म्हणायला लावत, आणि ताईंना आतून पाणी आणायला सांगत. पाणी देताना ताईंनी किती वेळा ते पाढे ऐकले असतील! सतराचा पाढा त्यांना असा उभ्या उभ्याच पाठ झाला होता, पण म्हणून दाखव, असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही.

लग्नानंतर चिमीने नवऱ्याबरोबर तळणाचं दुकान टाकलं. पंधरा वर्षं ती कढईपुढे बसली. असं तळण त्या भागात दुसरं नाही, असं लोक म्हणायचे. ताईंचा नवराही म्हणायचा. रुग्णालयात पहारेकरी म्हणून उभा राहून राहून पाय दुखवून घेतलेला साधा माणूस, पण चिमीचं तळण खाताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते ताईंची डाळ खाताना कधी आलं नव्हतं. डाळ तो मान खाली घालून जेवायचा. डाळ म्हणजे काय, रोजचीच.

मग रस्ता रुंद झाला आणि चिमीचं दुकान गेलं. नवऱ्याने अंथरूण धरलं. चिमीने ताईंच्या दारात येऊन, चहाचा कप हातात धरून, खाली बघत विचारलं, की ताई, तुमच्या रुग्णालयात एखादी जागा निघेल का. ताईंनी मेट्रनबाईंच्या कानावर घातलं. घातलं ते मनापासून, खोटं कशाला बोला. सख्खी बहीण अडचणीत होती. दोन महिने तात्पुरती ठेवू, काम बघू, मग कायम करू, असं मेट्रनबाई म्हणाल्या. त्या रात्री ताई देवासमोर म्हणाल्यासुद्धा, की बाबा, तिचं बरं कर.

देवाने ऐकलं, आणि ताईंना वाटलं तसं नाही, जरा जास्तच ऐकलं.

पहिल्या आठवड्यात चिमीला कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहाची कढई दिली. तिथे दुपारी चारला चहाबरोबर काहीबाही तळलेलं असे. चिमी आली आणि चारच्या चहाला पावणेचारपासून रांग लागायला लागली. शिपाई, नर्सा, क्ष-किरण विभागातले दोघे, एरवी कुणाशी न बोलणारे हाडांचे डॉक्टर, सगळे. तळण इतकं कोरडं की कागदाला डाग पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी कागद उलटा करून दाखवला. मावशी ताईंना येऊन कौतुकाने सांगायला लागल्या, तुमची बहीण म्हणजे काय बाई, हाताला देणगीच आहे. ताई हसून म्हणाल्या, आहेच तशी ती. आणि डाळीच्या पातेल्यात डाव उगाचच फिरवत बसल्या.

त्यांच्या पोटात दुखायला लागलं होतं. दुखणं जुनं होतं, फक्त बरीच वर्षं झोपलेलं होतं.

आपली बहीण आहे, हे त्या स्वतःला दिवसातून दहा वेळा बजावत. अकराव्या वेळी चिमीचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू आलं की अंगाचा तिळपापड होई. एवढं काय हसायचं कढईपुढे? एकदा वॉर्डातली एक सिस्टर म्हणाली, ताई, तुम्ही दोघी बहिणी, पण दोघींत किती फरक! तिने सहज म्हटलेला तो शब्द ताईंनी घरी नेला, रात्री उशाशी घेतला, सकाळी परत घेऊन आल्या.

त्यात कार्डांचं निघालं. कुणी आजारी पडलं तर स्वयंपाक अडू नये म्हणून प्रत्येक पदार्थ कार्डावर लिहून भिंतीला लावायचा, असं मेट्रनबाईंनी ठरवलं. छापील कार्डं आली. त्यावर रकाने होते. साहित्य, प्रमाण, कृती. डाळीच्या कार्डावर शेवटच्या ओळीत कार्यालयाने आधीच छापलेलं होतं, ‘तडका :’ आणि पुढे मोकळी जागा. ज्याचा पदार्थ त्याने भरायची.

ताईंनी कार्ड घरी नेलं. दिव्याखाली बसून डाळ चार किलो, हळद, मीठ, किती शिट्ट्या, किती पाणी, सगळं व्यवस्थित लिहिलं. तडक्याच्या ओळीला आल्या आणि थांबल्या. साहित्य लिहिलं. मोहरी, लसूण, जिरं, लाल मिरची, हिंग, कढीपत्ता, तेल. मग पुढे काय करायचं ते लिहायला पेन टेकवलं, आणि भिंतीपलीकडचं ते हसणं आठवलं. ही डाळ कार्डावर चढली की ती कुणाचीही होणार. आणि कुणाचीही म्हणजे कुणाची, हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

त्यांनी लिहिलं, ‘वरून तडका द्यावा. तेल बेताचं.’ आणि पेनाला टोपण लावलं.

यात खोटं काहीच नव्हतं. तसं त्यांनी देवालाही सांगितलं. देव काही बोलला नाही.

महिन्याभराने ताईंची डोळे तपासायची तारीख आली. तपासणी त्याच रुग्णालयात, तळमजल्यावर. डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या करतात, संध्याकाळपर्यंत नीट दिसणार नाही, शेगडीशी जाऊ नका, असं तिथल्या बाईंनी बजावलं. त्या दिवसाची डाळ कुणी करायची? मेट्रनबाई म्हणाल्या, चिमीताई करतील, कार्ड आहेच की. शिवाय दोन महिने संपत आलेत, मलाही त्यांचं मोठ्या पातेल्यावरचं काम बघायचंय.

म्हणजे चिमीचं कायम होणं त्या डाळीवर येऊन ठेपलं. हे चिमीलाही कळलं आणि ताईंनाही.

आदल्या दिवशी चिमी ताईंच्या मागे मागे फिरली. कार्ड वाचलंय म्हणाली, बरोबर करेन ना ग, म्हणाली. तिला नेमकं काय विचारायचंय ते ताईंना कळत होतं. माहेरी ताईंमुळे तिने चुलीला हात लावला नव्हता, सासरी सासूने स्वयंपाकघर सोडलं नाही, आणि पुढे पंधरा वर्षं फक्त कढई. पण एवढ्या वयाच्या बाईने फोडणी कशी करायची हे विचारायचं कसं? चिमीला लाज वाटली. ताई म्हणाल्या, सगळं लिहिलंय कार्डावर. आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

तपासणी साडेदहाला आटोपली. ताईंनी सरळ घरी जायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. मावशींचा हात धरून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पिठाच्या कोठीजवळच्या बाकावर बसल्या. उजेड डोळ्यांत टोचत होता म्हणून पदर डोळ्यांवर ओढून घेतला. इथेच बसते ग जरा, घरी कोण आहे, असं म्हणाल्या. आपण का आलो ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

दिसत काहीच नव्हतं. चिमी म्हणजे एक पांढरट धूसर आकार, शेगडीपुढे इकडून तिकडे हलणारा. पण बावीस वर्षं ज्या कानांनी आणि ज्या नाकाने काम केलं ते शाबूत होते.

डाळ चांगली शिजली होती. घोटल्याचा जाड, संथ आवाज येत होता. मग कढई चढली. ताईंनी ओळखलं, ही तळणाची कढई, फोडणीची नव्हे. त्यात तेल पडलं, भरपूर, चांगलं दोन लिटर. आणि तेल तापायच्या आधीच, थंड तेलातच, ताटलीतलं सगळं एकदम सरकवल्याचा आवाज आला. मोहरी, जिरं, लसूण, मिरची, एकगठ्ठा.

ताई बाकावर ताठ झाल्या.

मोहरी तडतडायची वाट त्या सवयीने बघत होत्या. कडक तापलेल्या तेलात मोहरी पडली की ती एका दमात सगळी फुटते, टपटप टपटप, झाकणावर पाऊस आल्यासारखी. इथे बराच वेळ काही नाही. मग एखादी इथे, एखादी तिथे. लसणाचा ओला चुरचुराट मात्र चालू राहिला, एकसारखा, लांबलचक. चिमी तिच्या सवयीने, घाई न करता, मध्यम आचेवर, झाऱ्याने हलवत बसली होती. तळणाऱ्या बाईला धीर असतो. तिचा सगळा गुण त्यातच. आतपर्यंत शिजलं पाहिजे, पाणी उडालं पाहिजे, रंग सगळीकडे सारखा आला पाहिजे.

पण जिऱ्याला कुठला धीर? जिरं काही क्षणांत होतं आणि पुढच्या काही क्षणांत जळतं. लसूण सोनेरी व्हायची वाट बघत जिरं तिथे काळं पडत होतं. ताईंच्या नाकाला ते आधी कळलं. लसणाच्या चांगल्या वासाखालून एक कडवट, करपट रेघ वर आली.

आता बोलायचं असतं. गॅस बंद कर, म्हणायचं असतं. ताईंच्या ओठांपर्यंत आलंही. पण मनाच्या तळाशी काहीतरी गारेगार आणि गोड होतं, ते म्हणालं, राहू दे. एकदा कळू दे सगळ्यांना. कागद उलटा करून बघणाऱ्या डॉक्टरांनाही कळू दे. ताईंनी पदर आणखी खाली ओढला.

मग झारा कढईच्या काठावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. ताईंना क्षणभर कळेना की हे काय चाललंय. झारा निथळवतेय? आणि एकदम उलगडलं. चिमी तेल निथळवत होती. मसाला तळून, झाऱ्याने काढून, तेल कढईत मागे ठेवून, तो कोरडा कुरकुरीत मसाला ती डाळीवर पसरत होती. कार्डावर लिहिलं होतं ना, वरून द्यावा, आणि तेल बेताचं. पंधरा वर्षं जी बाई एकच गोष्ट शिकली, की चांगल्या तळणात तेल पदार्थाबरोबर येता कामा नये, तिने तेच केलं होतं. हॉटेलातल्या डाळीवर तिने लालसर लसूण आणि मिरची बघितली होती. तडका म्हणजे तेच, वरची सजावट, असं तिला वाटलं असणार.

चर्र झालं नाही. गरम तेल डाळीवर पडताना जो आवाज होतो, ज्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची मान आपोआप तिकडे वळते, तो आवाजच आला नाही. मसाला डाळीवर पानं गळावीत तसा गपचूप पडला.

सव्वाअकराला मेट्रनबाई आल्या. ट्रॉली निघायच्या आधी त्या स्वतः चव घेत, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. मावशी हळूच ताईंना म्हणाल्या, दिसतेय किती छान हो, वर कशी लालबुंद पेरलीय. मेट्रनबाईही तेच म्हणाल्या. मग चमचा तोंडात घातला. मग पुन्हा एकदा घातला.

“चिमीताई, ही तर नुसती शिजलेली डाळ आहे. आणि वरचं कडू लागतंय.”

ताई ज्या क्षणासाठी तिथे येऊन बसल्या होत्या तो हाच. त्यांना वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल.

चिमी नाक ओढत होती, अगदी लहानपणी पाढा चुकल्यावर ओढायची तशी. मग तिने भिंतीवरचं कार्ड काढून मेट्रनबाईंना दिलं. म्हणाली, यात लिहिलंय तेवढं सगळं केलं मॅडम, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ताईवर तिने काही ढकललं नाही. सगळं लिहिलंय असं ताईने सांगितलं होतं, हेही बोलली नाही.

मेट्रनबाईंनी कार्ड मोठ्याने वाचलं. वरून तडका द्यावा, तेल बेताचं. मग बाकाकडे वळल्या.

“ताई, हे तुम्ही लिहिलंय. तडका द्यावा म्हणजे नेमकं काय करावं? मला स्वयंपाक येत नाही. मी हे वाचून काय करू?”

त्या रागाने बोलत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. ताईंना तोंडात मारल्यासारखं झालं. पदराआडून त्यांनी एवढंच म्हटलं, “कमी लिहिलं मी. मुद्दाम.”

पोळ्या लाटणारीचं लाटणं थांबलं.

मेट्रनबाई बाई शहाण्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, बाकीचं नंतर बोलू. एकशेवीस माणसं जेवायची आहेत. पंधरा मिनिटांत काही होईल का?

ताई उठल्या. चाचपडत ओट्याशी आल्या. डोळ्यांना वाफेची आणि उजेडाची धार लागत होती, स्वतः शेगडीला हात लावायची सोय नव्हती. चिमीचा हात सापडला. तो तेलकट होता.

“वरचं सगळं काढून टाक आधी,” त्या म्हणाल्या. “कढईतलं तेलही घेऊ नको, करपट झालंय. ती छोटी, जाड बुडाची कढई घे. तेल अर्धा लिटर. जास्त नको.”

चिमी दबल्या आवाजात म्हणाली, एवढ्याशा तेलात एवढा मसाला तळायचा कसा? आणि ताईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शब्दांत सांगावं लागलं, जे हातांना आपोआप येत होतं.

“तळायचा नाहीच ग. तुझ्या तळणात तेल काम करतं आणि मागे राहतं. पदार्थ बाहेर काढतेस, तो खायचा. इथे उलटं. मसाला तेलात घालतो तो तेलाला वास देण्यासाठी. मग ते तेल डाळीत जातं, सगळंच्या सगळं, मसाल्यासकट. आपण ते तेलच वाढतो लोकांना. तू तेच कढईत ठेवलंस.”

चिमीने छोटी कढई चढवली. तिला समजलं होतं. कढईपुढे आयुष्य काढलेल्या बाईला तेलाबद्दल दोनदा सांगावं लागत नाही.

पुढचं सगळं ताईंनी कानांनी केलं. तेल चांगलं तापू दे, धूर यायच्या जरा अलीकडे. एक मोहरी टाकून बघ. फुटली लगेच? मग सगळी टाक, आणि झाकण अर्धं धर. मोहरी एका दमात तडतडली. तडतड ओसरली तशा ताई म्हणाल्या, आता आच कमी, ठेचलेला लसूण. त्याला वेळ लागतो म्हणून तो जिऱ्याच्या आधी. कडा पिवळ्या दिसल्या की सांग. चिमी म्हणाली, दिसल्या. आता जिरं. फुललं? मिरची. वास बदलला, बघ. आता हिंग, कढीपत्ता, आणि गॅस बंद. बंद म्हणजे बंद, कढई अजून तापलेली आहे, ती तिचं काम करतेच. थांबू नको. ओत.

चिमीने कढई उचलून अख्खी डाळीवर पालथी केली.

चर्र झालं. असं की पोळ्या लाटणारी दचकली. ताईंनी पातेल्यावर झाकण सरकवायला लावलं आणि वर हात ठेवून उभ्या राहिल्या. मिनिटभर उघडू नको, म्हणाल्या, वास बाहेर गेला की गेला, तो आत कोंडायचा. मग ढवळ.

मेट्रनबाईंनी पुन्हा चव घेतली आणि ट्रॉलीवाल्याला हात केला. जाताना ताईंना म्हणाल्या, कार्ड उद्यापर्यंत पूर्ण करून द्या. दुसरं काही म्हणाल्या नाहीत. दुसरं काही म्हणाल्या असत्या तर ताईंना सोपं गेलं असतं.

ट्रॉली गेल्यावर दोघी बहिणी बाकावर बसल्या. चिमी रडली नाही, रागावलीही नाही. तिने पदराने ताईंच्या डोळ्यांतून येणारं पाणी टिपलं. ते औषधाचं होतं, निदान ताईंनी तसं सांगितलं.

“मुद्दाम का लिहिलं नाहीस?” तिने विचारलं.

ताई म्हणाल्या, “तुझ्याकडे सगळं होतं चिमे. मला वाटलं, एवढं तरी माझं राहू दे.”

माझ्याकडे काय होतं, असं चिमी म्हणाली नाही. नवरा अंथरुणावर, दुकान मोडलेलं, नोकरी टांगणीला. हे तिने म्हटलं असतं तर ताईंना वाद तरी घालता आला असता. ती म्हणाली, अगं, तुझ्या डाळीसाठी आमचे हे मला टोमणे मारायचे वर्षानुवर्षं. तुला तळण्याशिवाय काय येतं, तुझ्या ताईची डाळ बघ, म्हणायचे. मी तुझ्या घरी जेवून आले की दोन दिवस मला माझं काहीच गोड लागायचं नाही.

ताईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. दिसलं काहीच नाही, पांढरट धूसर आकार तेवढा. पण ऐकून त्यांना आनंद झाला. बहिणीच्या दुःखाचा आनंद झाला, याची लाजही वाटली, आणि दोन्ही एकाच वेळी बराच वेळ वाटत राहिलं.

संध्याकाळी कार्ड पूर्ण झालं. डोळ्यांपुढे अजून धूसर होतं म्हणून ताईंनी सांगितलं आणि चिमीने लिहिलं, त्या मोत्यासारख्या अक्षरात. कुठला मसाला आधी, कुठला नंतर, कुठल्याला किती वेळ, आच कधी कमी. तेल निथळवू नये, मसाल्यासकट ओतावं. झाकण ठेवावं. रकान्यात मावेना म्हणून पाठीमागेही लिहिलं. मधेच चिमी थांबून विचारायची, पण असं का? आणि ताईंना ते का आहे ते शोधावं लागायचं. हातचं काही राखायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तरी हिंगाच्या ओळीला जीभ क्षणभर अडली. मग तीही ओळ सांगितली. घरी देवासमोर बसल्यावर, तिचं बरं कर, असं मागच्यासारखं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या पोटातलं हे काढ. आणि निघणार नसेल तर निदान माझ्या हातून काही करवून घेऊ नको.

पुढच्या आठवड्यात मेट्रनबाईंनी डाळ दोघींत वाटून दिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताई. बाकीचे दिवस चिमी. चिमी कायम झाली. ताईंना कुणी काही म्हटलं नाही, पण ‘मुद्दाम’ हा शब्द स्वयंपाकघरात सगळ्यांनी ऐकला होता. मावशी आता ताईंसमोर चिमीचं कौतुक करत नसत. ताईंना ते कौतुकापेक्षाही जास्त टोचे.

गुरुवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरची सिस्टर रिकामी भांडी घेऊन खाली आली. फरकाबद्दल बोललेली, तीच. चिमी उपाहारगृहाच्या कढईवर होती, ताई एकट्याच ओटा पुसत होत्या. सिस्टर म्हणाली, ताई, आज चौदा नंबरच्या आजोबांनी दोनदा डाळ मागितली. आठ दिवस काही खात नव्हते. तुमच्या हाताची सर कुणाला यायची नाही हो.

ताई ओटा पुसत राहिल्या. किती सोपं होतं. नुसतं हसायचं, हं म्हणायचं. खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. सिस्टर पाठ फिरवून दाराशी पोचलीही होती.

“सिस्टर,” ताई म्हणाल्या, “ती माझी नव्हे. चिमीची. आज गुरुवार.”

सिस्टर म्हणाली, हो? अगदी तुमच्यासारखीच झालीय, आणि निघून गेली.

ताईंनी फडकं पिळलं. पोटात दुखलंच, नेहमीसारखंच दुखलं. त्यांनी पातेल्याच्या तळाला उरलेली डाळ बोटावर घेऊन चाखली, तोंडात घोळवली, पुन्हा एकदा चाखली.

मोहरी जरा जास्त होती. आणि बाकी काही म्हणायला त्यांना जागा सापडली नाही.